नाशिकहून मोबाइल गेम खेळताना व्हीपीएन: पिंग कधी उतरतो, कधी चढतो आणि बदल्यात काय द्यावं लागतं

सिडको, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड, कुठूनही प्रश्न आला तरी सूर तोच असतो: "नेट तर शंभर एमबीपीएसचं आहे, मग गेममध्ये लॅग का? व्हीपीएन टाकला तर जाईल का?" पुढचे प्रश्न अशाच गप्पांतून जमले आहेत. उत्तरांत आलेले मिलिसेकंदांचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या घरी ते थोडे वेगळे येतील, हिशेब मात्र हाच राहील.

व्हीपीएन लावल्याने पिंग खरंच कमी होतो का?

कधीकधी होतो. बहुतेक वेळा वाढतो किंवा आहे तेवढाच राहतो. पिंग म्हणजे मोबाइलमधून निघालेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. व्हीपीएन म्हणजे ते पॅकेट कुलूपबंद करून आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेणारी आणि तिथून पुढे पाठवणारी सेवा. पिंग असा का वागतो, ते समजायला त्याचे दोन भाग करून बघा. पहिला भाग तुमच्या मोबाइलपासून तुमच्या इंटरनेटवाल्याच्या मुख्य जोडणीपर्यंतचा: वायफाय, राउटर, गल्लीतली फायबर किंवा टॉवरची रेंज. दुसरा भाग तिथून गेमच्या सर्व्हरपर्यंतचा. व्हीपीएनला हात घालता येतो तो फक्त दुसऱ्या भागाला. पहिल्या भागातून प्रत्येक पॅकेट जाणारच, व्हीपीएन असो वा नसो. त्यामुळे त्रास पहिल्या भागात असेल तर जगातला सर्वांत महाग व्हीपीएनसुद्धा काही करू शकत नाही.

दुसऱ्या भागालाही एक मर्यादा आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद लागतो. नाशिक ते मुंबई रस्त्याने धरलं तर १७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन मिलिसेकंद. मधली उपकरणं धरून चांगल्या ब्रॉडबँडवर मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग ८-१० येतो. तो १० असेल तर व्हीपीएन त्यातून काय काढणार? कमी करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मग ज्यांचा कमी होतो, त्यांचा कसा होतो?

त्यांच्या इंटरनेटवाल्याचा रस्ता वाकडा असतो म्हणून.

नाशिकमधला छोटा ब्रॉडबँडवाला स्वतः जगभर केबल टाकत नाही. तो मुंबईत एक-दोन मोठ्या कंपन्यांकडून जोडणी घेतो आणि पुढचा रस्ता त्या कंपन्या ठरवतात. मुंबईत डीई-सीआयएक्स, एक्स्ट्रीम आयएक्स, निक्सी असे एक्स्चेंज आहेत, तिथे वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना थेट भेटतात. तुमचा इंटरनेटवाला आणि गेम कंपनीचं नेटवर्क तिथे थेट भेटत असतील तर रस्ता सरळ. भेटत नसतील तर पॅकेट ज्या कंपनीशी करार आहे तिच्या मार्गाने जातं. तो मार्ग पैशाच्या हिशेबाने निवडलेला असतो, अंतराच्या नव्हे.

अशा वेळी व्हीपीएन तुमचं पॅकेट वेगळ्या नेटवर्कच्या हवाली करतो. कसारा घाट सोडून पुण्यावरून मुंबईला चाललेल्या गाडीला कुणी परत घाटाच्या रस्त्याला लावून द्यावं, तसं हे काम आहे. गाडी आधीच घाटाने चालली असेल तर मात्र हा माणूस रस्त्यात फक्त थांबा वाढवतो.

दुसरं कारण गर्दीचं. तुमच्या इंटरनेटवाल्याचा एखाद्या नेटवर्ककडे जाणारा दुवा रात्री ८ ते ११ मध्ये भरून जातो आणि सकाळी मोकळा असतो. व्हीपीएनचा सर्व्हर दुसऱ्या दुव्याने गाठता येत असेल तर त्या तीन तासांत फरक पडतो. दुपारी खेळणाऱ्याला तो दिसणारही नाही.

माझा रस्ता वाकडा आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

त्यासाठी आधी गेमच्या सर्व्हरचा पत्ता हवा. अँड्रॉइडवर PCAPdroid नावाचं मुक्त स्रोत ॲप आहे, त्याला रूट लागत नाही. ते चालू करून फक्त गेम निवडा, एक मॅच खेळा आणि यादीत बघा. ज्या यूडीपी जोडणीतून मॅचभर सतत डेटा वाहत होता, तोच साधारणपणे मॅचचा सर्व्हर. लॉबी, जाहिराती, अपडेट यांचे पत्ते वेगळे असतात, त्यांच्या नादी लागू नका. हे ॲप स्वतःच फोनची व्हीपीएनची जागा वापरतं आणि अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं. म्हणून ही तपासणी खरा व्हीपीएन बंद ठेवूनच होते.

मग त्याच वायफायवर विंडोजचा लॅपटॉप लावून कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या पत्त्याचा माग काढा. पत्ता इथे नमुन्याचा दिला आहे:

```
tracert 203.0.113.25
ping -n 50 203.0.113.25
```

प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतला एक राउटर. पुष्कळदा राउटरच्या नावातच शहराचा संकेत असतो: bom म्हणजे मुंबई, maa म्हणजे चेन्नई, sin म्हणजे सिंगापूर, mrs म्हणजे फ्रान्समधलं मार्सेय.

वाचताना दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. `* * *` अशी ओळ दिसली म्हणजे तिथे नेट तुटलं असं नाही. त्या राउटरने उत्तर द्यायचं नाकारलं, एवढंच. आणि मधल्याच एका ओळीत १५० दिसून पुढच्या ओळींत परत २० दिसत असेल तर ती १५० सोडून द्या. तो राउटर उत्तर द्यायला आळशी आहे, पॅकेट पुढे ढकलायला नाही. उडी खरी तेव्हाच, जेव्हा ती पुढच्या सगळ्या ओळींत टिकून राहते.

गेमचा सर्व्हर स्वतः पिंगला उत्तर देत नाही असं अनेकदा होतं. तरी त्याच्या दारापर्यंतच्या ओळी दिसतात आणि रस्ता ओळखायला तेवढ्या पुरतात.

एखादं उदाहरण आकड्यांसकट सांगा ना.

समजा पाथर्डी फाट्याजवळ राहणारा एक मुलगा सिंगापूरला सर्व्हर असलेला गेम खेळतो. ब्रॉडबँड स्थानिक केबलवाल्याचं. गेममध्ये पिंग २४५. त्याच बिल्डिंगमधला दुसऱ्या कंपनीचं नेट असलेला मित्र तोच गेम ७० वर खेळतो. इथेच शंका यायला हवी, कारण दोघांपासून सिंगापूर सारखंच लांब आहे.

माग काढला तर पहिली ओळ घरचा राउटर, २ मिलिसेकंद. चौथ्या ओळीत मुंबई, ८. इथपर्यंत सगळं उत्तम, म्हणजे घरचं वायफाय आणि केबलवाल्याची फायबर दोन्ही निर्दोष. पाचव्या ओळीत नावात mrs आणि पिंग थेट ११८. आठव्या ओळीत sin आणि २४३. म्हणजे पॅकेट मुंबईहून अरबी समुद्र, लाल समुद्र ओलांडून मार्सेयला गेलं आणि तिथून उलट फिरून पूर्वेकडे सिंगापूरला.

आता या मुलाने मुंबईत खरोखर सर्व्हर असलेला व्हीपीएन लावला. घरापासून त्या सर्व्हरपर्यंत ८, व्हीपीएनचं कुलूपबंद करणं-उघडणं एक-दोन, आणि त्या सर्व्हरचं नेटवर्क चेन्नईमार्गे सरळ सिंगापूरला जात असल्याने ६० च्या आसपास. एकूण ७०. म्हणजे २४५ चे ७०, आणि हे अगदी खरं.

त्याने मुंबईऐवजी त्याच व्हीपीएनचा सिंगापूरचा सर्व्हर निवडला असता तर? नियम सांगता येत नाही. त्या सर्व्हरचा पत्ता गाठायलाही केबलवाला पॅकेट मार्सेयवरूनच पाठवत असेल तर पिंग २४० च राहील. फक्त गेम कंपनीच्या नेटवर्कपुरताच रस्ता वाकडा असेल तर सिंगापूरचा सर्व्हरही ७० देईल. म्हणून वळण जिथे सुरू होतं, त्याच्या अलीकडचा सर्व्हर आधी वापरून बघायचा.

हिशेब एका ओळीचा आहे: घरापासून व्हीपीएन सर्व्हरपर्यंतचा पिंग आणि तिथून गेमपर्यंतचा पिंग, यांची बेरीज आजच्या पिंगपेक्षा कमी आली तरच फायदा.

जाता जाता: `tracert` फक्त जातानाचा रस्ता दाखवतो. परतीचा रस्ता वेगळा असू शकतो. सगळी नावं मुंबई-चेन्नई-सिंगापूर अशी सरळ दिसूनही आकडा दोनशेच्या वर राहत असेल तर वाकडेपणा बहुधा परतीत आहे. व्हीपीएनने तोही सुटू शकतो, कारण मग परतीचं पॅकेट आधी व्हीपीएन सर्व्हरकडे येतं.

मी यादीतून 'इंडिया' सर्व्हर निवडला, तरी मुंबई सर्व्हरच्या गेमचा पिंग १० वरून १२५ झाला. असं का?

कारण तो 'इंडिया' सर्व्हर भारतात नाही.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा कशासाठी घेतली ही माहिती पाच वर्षं जपून ठेवावी, असं त्यात होतं. व्हीपीएनवाल्यांसाठी अंमलबजावणीची मुदत पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढवली गेली. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या कंपन्यांनी ही माहिती ठेवण्यापेक्षा भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले.

ग्राहकांना भारतीय आयपी तर हवा होता. त्यावर 'व्हर्च्युअल लोकेशन' ही युक्ती निघाली: यंत्र सिंगापूर किंवा लंडनमध्ये, आयपी पत्ता मात्र भारताच्या नावावर नोंदलेला. भारतातल्या वेबसाइटला तुम्ही भारतातच दिसता, म्हणून बाकी कामाला ते चालतं. गेमला चालत नाही. गंगापूर रोडवरून निघालेलं पॅकेट सिंगापूरला जातं, ६५ मिलिसेकंद. तिथून मुंबईच्या गेम सर्व्हरला परत येतं, आणखी ६०. थेट गेलं असतं तर १० मध्ये काम झालं असतं.

'व्हीपीएनने पिंग वाढला' या तक्रारीमागे मला तरी हेच कारण सर्वांत जास्त दिसतं. ज्याने यादीत तिरंगा बघून सर्व्हर निवडला, त्याचा दोष तरी कसा म्हणायचा?

सर्व्हर खरा कुठे आहे, हे घरबसल्या कळतं का?

कळतं, आणि त्यासाठी कुठल्या वेबसाइटवर विश्वास ठेवावा लागत नाही. आयपीचं ठिकाण सांगणाऱ्या साइट नोंदीतलं ठिकाण सांगतात, त्या 'भारत'च म्हणणार. प्रकाशाचा वेग मात्र कुणाच्या नोंदीला जुमानत नाही.

व्हीपीएन बंद असताना त्याच्या सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करा. बहुतेक सेवा हा पत्ता आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये देतात. आलेल्या सर्वांत कमी आकड्याला शंभराने गुणा, तेवढे किलोमीटर ही त्या सर्व्हरची जास्तीत जास्त शक्य दूरी. उत्तर ८ मिलिसेकंदात आलं तर सर्व्हर ८०० किलोमीटरच्या आतच आहे, सिंगापूरला असणं अशक्य. ६५ आलं तर तो मुंबईत असण्याची शक्यता फार कमी. उलट बाजूने एवढी खात्री देता येत नाही, कारण मुंबईतल्या सर्व्हरचा रस्ताही वाकडा असू शकतो. त्यासाठी मागातली नावं बघा.

काही सेवा यादीतच 'व्हर्च्युअल' असं लिहितात. पैसे भरण्याआधी ते तेवढं वाचून घ्या.

मोबाइल डेटावर खेळतो. तिथे फायदा होईल?

ब्रॉडबँडपेक्षा शक्यता कमी. मोबाइल डेटावर पिंगचा मोठा हिस्सा हवेतच खर्च होतो: फोन ते टॉवर, टॉवरवर तुमचा नंबर लागण्याची वाट, मग ऑपरेटरच्या मोठ्या शहरातल्या गेटवेपर्यंत. फोरजीवर मुंबईच्या सर्व्हरला ४०-५० येणं नेहमीचंच आहे आणि त्यातले बरेचसे या पहिल्या टप्प्यात जातात. मोठ्या ऑपरेटरांच्या गेम नेटवर्कांशी जोडण्या साधारणपणे चांगल्या असतात, त्यामुळे रस्ता वाकडा सापडण्याचे प्रसंग थोडे.

कुंभमेळ्याच्या पर्वणीला किंवा विसर्जन मिरवणुकीच्या रात्री जुन्या नाशकात टॉवर माणसांनी भरून जातो तेव्हा पिंग ३०० च्या वर गेला तर व्हीपीएन लावून उपयोग नाही. गर्दी टॉवरवर आहे, त्याच्या पलीकडे नाही.

घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला घेतला की पिंग २०० होतो. यावर व्हीपीएन?

नाही. ही घरच्या राउटरमधली रांग आहे. अपलोडची क्षमता भरली की राउटर पॅकेट टाकून देण्याऐवजी साठवत बसतो आणि तुमच्या गेमचं पॅकेट त्या साठ्यामागे उभं राहतं. व्हीपीएनमधलं पॅकेटही त्याच रांगेत उभं राहणार.

तपासायची रीत सोपी आहे. अँड्रॉइडवर टर्मक्स ॲपमध्ये पुढची आज्ञा चालू ठेवा, दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा आणि आकडे बघा.

```
ping -c 60 1.1.1.1
```

चढवताना १० चे २०० झाले आणि थांबवताच परत १० आले, की दुखणं घरातच आहे. राउटरमध्ये ही रांग आवरणारी 'एसक्यूएम' किंवा तत्सम सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या क्षमतेच्या ९० टक्क्यांवर ठेवा. सोय नसेल तर गेमच्या वेळी फोटोंचा बॅकअप बंद ठेवा. आणि कृपा करून २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय सोडून ५ वर या. अपार्टमेंटमध्ये शेजारच्या दहा राउटरांत तुमचा फोन आपल्या पाळीची वाट बघत असतो, त्याचंही खापर शेवटी केबलवाल्यावर फुटतं.

व्हीपीएनवर पिंगचा आकडा कमी दिसतो, पण खेळ मध्येच गोठतो आणि मग सगळं एकदम पुढे धावतं. हे काय?

बहुधा व्हीपीएन टीसीपीवर चालतोय. गेमची पॅकेट यूडीपीची असतात: एखादं हरवलं तर गेम ते सोडून पुढचं घेतो, कारण अर्ध्या सेकंदापूर्वी शत्रू कुठे होता याचा आता उपयोग नाही. टीसीपीचा नियम उलटा आहे. एक पॅकेट हरवलं की ते परत मिळेपर्यंत मागची सगळी अडवून धरायची. गेमचं यूडीपी टीसीपीच्या नळीत घातलं की एक हरवलेलं पॅकेट बाकीच्यांना ओलीस ठेवतं, आणि सुटल्यावर सगळी एकदम येऊन आदळतात. सरासरी पिंग तरीही चांगलाच दिसतो.

व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल बघा. वायरगार्ड असेल तर उत्तम, तो यूडीपीवरच चालतो. ओपनव्हीपीएन असेल तर त्यात यूडीपी निवडा. 'ऑटोमॅटिक' ठेवलं तर काही ॲप अडचण दिसताच गुपचूप टीसीपीवर उतरतात.

त्यातही मूळ नेटवरच पॅकेट हरवत असतील, म्हणजे व्हीपीएनशिवाय वरच्या पिंगमध्ये ६० पैकी दोन-तीन गायब होत असतील, तर आधी ते दुरुस्त करा. हरवलेलं पॅकेट व्हीपीएन परत आणत नाही.

'गेम बूस्टर' म्हणून मिळणारी ॲप वेगळी असतात का?

काही खरंच वेगळी असतात. ती फक्त गेमचीच पॅकेट स्वतःच्या नेटवर्कमधून नेतात आणि कुठून नेली तर रस्ता छोटा पडेल ते मोजून ठरवतात. वाकड्या रस्त्याच्या दुखण्यावर ती लागू पडतात. बाकी अनेक ॲप नुसती मागची ॲप बंद करून हिरवा आकडा दाखवतात.

आकड्याबद्दल एक सावधगिरी. बूस्टर किंवा व्हीपीएनच्या पडद्यावर दिसणारा पिंग पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरपर्यंतचा असतो, गेमच्या सर्व्हरपर्यंतचा नव्हे. तिथे ९ दिसेल आणि मॅचमध्ये ९०. गेमच्या आतला आकडा तेवढा खरा धरा. तुलना करायची तर एकाच संध्याकाळी, एकाच मोडमध्ये, एक मॅच व्हीपीएनसह आणि एक व्हीपीएनशिवाय, अशा आलटून पालटून खेळा. काल रात्रीचा आणि आज सकाळचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

व्हीपीएन लावला की माझं काय काय कुणाला दिसतं?

व्हीपीएनशिवाय तुमच्या इंटरनेटवाल्याला दिसतं की तुम्ही कोणत्या पत्त्यांशी, कधी, किती वेळ, किती डेटा बोललात, आणि बहुतेक साइटची नावंही. पासवर्ड, चॅट, यूपीआयचा पिन दिसत नाहीत, कारण ते ॲप आणि सर्व्हर यांच्यात आधीच कुलूपबंद असतात.

व्हीपीएन लावल्यावर इंटरनेटवाल्याला फक्त एकच जोडणी दिसते, व्हीपीएनकडे जाणारी. वर सांगितलेली सगळी यादी आता व्हीपीएन कंपनीच्या हाती येते. ती बघणारा माणूस बदलला, संपला नाही. नाशिकचा केबलवाला निदान ओळखीचा आहे, त्याचं ऑफिस माहीत आहे, तो इथल्या कायद्याखाली येतो. दहा मिलिसेकंदांसाठी ही यादी कुणाच्या हाती देताय, हे ठरवणं हाच खरा सौदा आहे.

मोफत व्हीपीएन वापरला तर काय बिघडतं?

सर्व्हर आणि बँडविड्थ फुकट मिळत नाही, ते पैसे कुठूनतरी निघतात. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी इतर संशोधकांसह व्हीपीएनची परवानगी मागणारी २८३ अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांतल्या ७५ टक्के ॲपमध्ये माग ठेवणारी त्रयस्थ कंपन्यांची लायब्ररी होती, ३८ टक्क्यांत मालवेअरची लक्षणं होती आणि १८ टक्के ॲप डेटा कुलूपबंद करतच नव्हती. अभ्यास जुना आहे, पण पैसे कमावण्याची तऱ्हा त्यात स्पष्ट दिसते.

गेम खेळणाऱ्याने धास्ती घ्यावी असा दुसरा प्रकार म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याला विकणं. होला या लोकप्रिय मोफत सेवेबाबत २०१५ मध्ये हे उघड झालं. तिच्या मोफत वापरकर्त्यांची जोडणी बाहेर पडण्याचा दरवाजा म्हणून वापरली जात होती आणि त्याच मालकांची दुसरी कंपनी ती बँडविड्थ पैसे घेऊन विकत होती. म्हणजे अनोळखी माणसाने केलेला उद्योग तुमच्या घरच्या आयपीवर नोंदला जाणार, आणि चौकशी आली तर ती कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्या वडिलांकडे. शिवाय ज्या अपलोडसाठी तुम्ही राउटरची रांग सोडवत बसलात, तो अपलोडच दुसरा वापरतोय. पिंग वाढणार नाही तर काय होईल?

आणि वेगाचं म्हणाल तर मोफत सर्व्हरवर गर्दी असते. रात्री ९ नंतर ती अजून वाढते, नेमकी तुमची खेळायची वेळ.

पैसे भरून 'नो-लॉग' घेतला तर प्रश्न सुटतो?

बराचसा, पूर्ण नाही. नोंद ठेवत नाही हा कंपनीचा दावा बाहेरून तपासता येत नाही. स्वतंत्र लेखापरीक्षण झालं असेल, त्याचा अहवाल उघड असेल, तर विश्वास ठेवायला जागा आहे.

इथे नाशिककरासाठी एक पेच आहे. पिंग कमी हवा तर सर्व्हर मुंबईत हवा. मुंबईत सर्व्हर ठेवणाऱ्या सेवेला सर्ट-इनचे निर्देश लागू होतात, म्हणजे तुमचं नाव आणि आयपी पाच वर्षं नोंदीत. नोंद नको तर देशाबाहेरचा सर्व्हर, आणि मग मुंबईच्या गेमचा पिंग १२५. दोन्ही एकत्र मिळणं अवघड आहे. माझं मत विचाराल तर गेमपुरता व्हीपीएन घेताना नोंदीची फार चिंता करू नये, कारण त्या नोंदीत निघून निघून काय निघणार, तुम्ही रोज रात्री गेम खेळता हेच. त्याच व्हीपीएनमधून बाकी सगळा फोन मात्र चालवू नये.

फक्त गेमच व्हीपीएनमधून जाईल असं करता येतं?

येतं, आणि तसंच करावं. चांगल्या ॲपमध्ये 'स्प्लिट टनेलिंग' नावाची सोय असते. तिथे फक्त गेम निवडा. बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप नेहमीच्या रस्त्याने जातात. याने गोपनीयतेचा सौदा लहान होतो आणि एक रोजची कटकटही टळते: परदेशी किंवा अनेकांनी वापरलेल्या आयपीवरून आलात की काही बँकांची ॲप उघडत नाहीत किंवा पुन्हा पुन्हा ओटीपी मागतात. आयफोनवर ही सोय फारच थोड्या ॲपमध्ये मिळते.

गेम कंपनीपासून माझी ओळख लपते का? अकाउंट बॅन होईल का?

ओळख लपत नाही. तुम्ही तुमच्याच खात्याने लॉगिन केलंय, फोनची ओळख गेमला दिसते, लोकेशनची परवानगी दिली असेल तर जागाही. लपतो तो फक्त आयपी.

बॅनचं उत्तर गेमच्या अटींत आहे, ते तिथेच वाचा. नुसता पिंगसाठी लावलेला व्हीपीएन अनेक ठिकाणी चालवून घेतात. दुसऱ्या देशाचा भाव घेऊन स्वस्तात युसी किंवा डायमंड विकत घेणं, किंवा दुसऱ्या प्रदेशाच्या सर्व्हरवर घुसणं, यावर कारवाई होण्याची शक्यता बरीच जास्त. आणखी एक धोका असा की तुमच्याआधी त्याच आयपीवरून कुणी चीटिंग केलेलं असतं.

व्हीपीएन वापरणं बेकायदेशीर आहे का?

भारतात सर्वसाधारणपणे नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने तात्पुरत्या बंदीचे आदेश काढले आहेत, तिकडे जाणाऱ्यांनी ते बघावेत. व्हीपीएनमागून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो.

मुलाने फोनमध्ये कुठला तरी मोफत व्हीपीएन टाकलाय. काढायचा कसा?

नुसतं ॲप उडवण्याआधी सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात व्हीपीएन उघडा. तिथे त्याचं नाव दिसेल. 'नेहमी चालू' हा पर्याय बंद करा, मग ते प्रोफाइल काढून टाका आणि त्यानंतर ॲप. आयफोनवर हेच 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये मिळतं.

त्यानंतर एक जागा जरूर बघा, जी सहसा कुणी बघत नाही. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी असते, तिच्यात 'वापरकर्ता' असा वेगळा भाग आहे. सामान्य फोनवर तो रिकामा असतो. तिथे अनोळखी नाव दिसलं तर त्या ॲपने किंवा कुणीतरी आपलं प्रमाणपत्र बसवलं आहे आणि त्याच्या जोरावर ब्राउझरमधली कुलूपबंद माहितीही वाचता येऊ शकते. शाळेने किंवा ऑफिसने बसवलेलं नसेल तर ते काढा, आणि मधल्या काळात त्या फोनवरून ज्या खात्यांत लॉगिन केलं त्यांचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. गेमच्या खात्यापासून सुरुवात केली तर मुलगा स्वतःच मदतीला बसेल.